मुलाखतीत अपयश सांगताना

‘कामात तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा,’ हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत आता जवळजवळ ठरलेला असतो. ज्या मुलाखतींत उमेदवाराला ‘तुम्ही काय कराल’ असे न विचारता ‘तुम्ही काय केलंत’ असे विचारतात, त्या प्रकारात तो मोडतो. या पद्धतीचे एक मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिकांकडून मते न मागता प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा केले आणि 1954 साली ही पद्धत सविस्तर मांडली. तर्क साधा आहे. ‘मी जबाबदारीनं काम करतो’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. पण एखाद्या दिवशी कोणत्या माहितीवर कोणता निर्णय घेतला, हे घडले असेल तरच तपशिलात सांगता येते.

मुलाखत घेणाऱ्याला अपयश किती मोठे होते यात फारसा रस नसतो. त्याच्या कागदावर सहसा दोन-तीनच गोष्टी तपासायच्या असतात: उमेदवाराला आपला स्वतःचा निर्णय नेमका दिसतो का, तो का चुकला हे कळले आहे का, आणि त्यानंतर त्याच्या कामात काही बदलले का. सबबीचे उत्तर या तिन्ही ठिकाणी रिकामे राहते, मग ते कितीही नम्रपणे दिलेले असो.

समजण्यासाठी एक कल्पित, पण कारखान्यात सहज घडेल असा प्रसंग घेऊ. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लेथवर बुश तयार होतात. बाहेरचा व्यास 25 मिलिमीटर, वर-खाली फक्त 20 मायक्रॉनची मुभा. कापणारी टिप झिजत गेली की ती पूर्वीइतका धातू काढत नाही आणि बुशचा व्यास हळूहळू वाढतो. म्हणून दर 300 नगांनंतर टिप बदलायची, असा तिथला नियम आहे. प्रोसेस इंजिनिअरने स्वस्त टिप शोधली, 50 नगांची चाचणी घेतली, सगळे नग मापात आले आणि बदल लागू झाला. दोन शिफ्टमध्ये निघालेले 1,280 नग ग्राहकाकडे गेले. तिथे बुश कास्टिंगमध्ये दाबून बसवताना जोर जास्त लागू लागला, लाइन थांबली. निवड केल्यावर जवळजवळ 400 नग बाद निघाले.

आता याच इंजिनिअरचे पहिले उत्तर असे येते: ‘कॉस्ट कमी करायचं वरून प्रेशर होतं. टिप तेवढीच चालेल असं सप्लायरनं सांगितलं होतं. ट्रायल व्यवस्थित झाली, रिपोर्टवर सगळ्यांच्या सह्या होत्या. पण प्रॉडक्शनमध्ये चेकिंग नीट झालं नाही आणि खराब माल गेला. आम्ही लगेच सॉर्टिंग केलं, कस्टमरला समजावलं. तेव्हापासून मी जास्त काळजी घेतो.’

यातले एकही वाक्य खोटे असेलच असे नाही. दबाव खराच होता, सप्लायर खरेच तसे बोलला होता. पण ऐकणाऱ्याला एवढेच कळते की सप्लायरने सांगितले, इतरांनी सह्या केल्या, चेकिंग ‘झाले नाही’. ते कोणी ठरवले होते, हे वाक्यातून गळून गेले आहे. उमेदवाराचे नाव पहिल्यांदा येते ते सावरासावरीच्या वेळी, आणि तिथेही ‘आम्ही’ म्हणून. उत्तर तपासायची एक सोपी रीत आहे: इतर माणसांबद्दलची आणि परिस्थितीबद्दलची सगळी वाक्ये खोडून काढायची. उरलेल्या मजकुरात उमेदवाराने घेतलेला एक तरी निर्णय शिल्लक राहतो का ते पाहायचे. इथे राहत नाही.

दुसऱ्या उत्तराची तयारी म्हणूनच घटनेपासून सुरू न होता निर्णयापासून सुरू होते. माल परत आला ही घटना. तिच्या आधी कुठेतरी एक वळण असते, जिथे उमेदवाराला वेगळे वागता आले असते. ते वळण शोधायला वेळ लागतो, कारण पहिल्यांदा आठवतो तो बहुधा परिणाम किंवा साहेबांचा राग. या प्रसंगात वळण दोन ठिकाणी आहे. एका नगाला 45 सेकंद धरले, तर 50 नगांची चाचणी चाळीस मिनिटांच्या आत संपते. एवढ्या वेळात नव्या टिपला झिजायला सवडच मिळत नाही. म्हणजे चाचणीने माप येते का हे पाहिले. टिप 300 नगांपर्यंत टिकते का, हे पाहिलेच नाही. दुसरे वळण तपासणीच्या वेळापत्रकात आहे आणि ते अधिक बोलके आहे. तासाला 80 नग निघतात आणि माप दर दोन तासांनी घेतात, म्हणजे 160व्या आणि 320व्या नगाला. नवी टिप 200च्या पुढे बिघडत होती आणि 300ला बदलली जात होती. 160ला माप हद्दीत असे, 320ला टिप नवी कोरी असे. मधले 100 नग कोणाच्याच नजरेखाली येत नव्हते. त्यात तक्त्यावर आकडा न लिहिता बरोबरची खूण करायची पद्धत होती, त्यामुळे 160व्या नगालाच माप वर सरकू लागले आहे, हेही दिसले नाही.

एवढे उलगडले की उत्तर आपोआप बदलते: ‘स्वस्त टिप लावायचा प्रस्ताव माझा होता. मी 50 नगांवर ट्रायल घेतली. ऑपरेटरनं तेव्हाच विचारलं होतं, ‘साहेब, ही टिप किती नग चालेल?’ सप्लायरच्या कॅटलॉगवर विसंबून मी म्हटलं, तेवढीच चालेल. मोजून पाहिलं नव्हतं. ती 200च्या पुढे झिजत होती आणि आमची तपासणी दोन तासांनी असल्यानं बिघडलेले नग बरोबर मधे सुटत होते. 1,280 पैकी जवळपास 400 बाद झाले, कस्टमरची लाइन थांबली. माझी चूक अशी, की मी मापाची ट्रायल घेतली आणि तिलाच टिकाऊपणाची ट्रायल समजलो. त्यानंतर बदलाच्या फॉर्मवर मी एक रकाना घालून घेतला: टिपच्या पूर्ण आयुष्याचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे माप लिहिल्याशिवाय सही होत नाही. टिप बदलण्याआधीचा शेवटचा नग मोजायचाच, आणि तक्त्यावर खूण न करता आकडा लिहायचा, हेही सुरू केलं.’

हे उत्तर पहिल्याहून लांब आहे, पण परिस्थितीचे वर्णन त्यात फार थोडे आहे. साधारण दोन ते तीन मिनिटांच्या बोलण्यात पार्श्वभूमीला अर्ध्या मिनिटाहून जास्त देऊ नये. बहुतेक उमेदवार नेमके उलटे करतात. कंपनी काय बनवते, टीममध्ये कोण होते, बाजारात मंदी कशी होती, यातच निम्मा वेळ जातो. परिस्थिती लांबवणे हीसुद्धा सबबच असते. फक्त ती बोलणाऱ्याला सबब वाटत नाही.

ऑपरेटरच्या प्रश्नाचा उल्लेख कित्येक उमेदवार गाळतील, कारण तो आपल्याविरुद्ध जातो. खरे तर सगळ्या उत्तराला वजन त्यानेच येते. इशारा मिळाला होता, तो कोणी दिला होता, आणि त्याला काय उत्तर दिले गेले, हे सांगणारा माणूस प्रसंगाची रंगसफेदी करत नाही, असे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. मात्र असा इशारा मिळालाच नसेल, तर तो रचू नये. पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडे पडते.

‘जास्त काळजी घेतो’ हा शेवट इथे का चालत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. तो संकल्प आहे. शिकणे ओळखायची खूण अशी, की कामाची एखादी पायरीच बदलली आहे आणि उद्या तो इंजिनिअर विसरला, रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, तरी ती पायरी घडेल. फॉर्मवरचा रकाना असा आहे. काळजी तशी नाही. त्याहून पक्का पुरावा म्हणजे पुढचा प्रसंग. समजा, काही महिन्यांनी ड्रिलचा सप्लायर बदलायची वेळ आली. सप्लायरच्या म्हणण्याप्रमाणे एक ड्रिल 600 भोके पाडेल. इंजिनिअरने तीन ड्रिल शेवटपर्यंत चालवून पाहिले. भोकाचे माप ठीक होते, पण 400च्या पुढे कडेला बर येऊ लागला. बदल नाकारला गेला, अपेक्षित बचत हातची गेली आणि खरेदी विभाग नाराज झाला. ही नाराजी उत्तरात ठेवावी. शिकलेल्या गोष्टीची काही किंमत मोजावी लागली, हे त्यातून कळते.

सबबीच्या विरुद्ध टोकाला दुसरा दोष असतो: सगळा दोष स्वतःवर ओढून घेणे. ‘सगळी चूक माझीच होती’ असे म्हणणाऱ्यालाही कारण कळलेले नसते. दोन तासांची तपासणी क्वालिटी विभागाने ठरवलेली असेल, तर ते तसेच सांगावे, पण अट म्हणून: ‘तपासणी दोन तासांनी होती, हे मला माहीत होतं, नवी टिप लावताना ती पुरेल का, हे मी विचारलं नाही.’ दुसऱ्याच्या वाट्याचे वाक्य आले की लगेच पुढे आपल्या हातात काय होते ते येते. एवढ्यानेच कारण आणि सबब वेगळे होतात.

प्रसंगाची निवडही जपून करावी लागते. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ या छापाचे गोड अपयश मुलाखतकारांनी इतक्यांदा ऐकलेले असते की ते ऐकताच कागदावर शून्य पडते. ज्यात कोणाचे नुकसान झाले नाही, तेही फारसे कामाचे नाही. उलट ज्यात अप्रामाणिकपणा होता, किंवा ज्याची चौकशी अजून चालू आहे, असा प्रसंग टाळलेला बरा. ग्राहकाचे नाव, किमती, आतले आकडे सांगायची गरज नसते. ‘एक मोठा ग्राहक’ एवढे पुरते. उमेदवार आधीच्या मालकाची गुपिते कशी हाताळतो, हेही समोरचा पाहत असतो.

यानंतर उपप्रश्न येतात आणि खरी पारख तिथेच होते. चूक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली? ग्राहकाचा फोन आल्यावर पहिल्या तासात काय केलं? तेव्हा तुमचे साहेब काय म्हणाले? तो रकाना अजून फॉर्मवर आहे का? घडलेल्या प्रसंगाला या प्रश्नांची उत्तरे साध्या, थोड्या ओबडधोबड तपशिलात मिळतात: आधी गोदामातला माल अडवला, मग वाटेतल्या गाडीला फोन केला. पाठ केलेले उत्तर असले की इथे पुन्हा ‘आम्ही सगळ्यांनी मिळून’ सुरू होते. आठवत नसेल ते आठवत नाही म्हणून सांगता येते. आणि शिकलेले वापरायची संधी अजून आलीच नसेल, तर दुसरा प्रसंग जुळवण्यापेक्षा ‘त्यानंतर अजून तसा बदल करायची वेळ आलेली नाही, फॉर्म मात्र बदलला आहे’ एवढे म्हणणे पुरते.