आठवड्याच्या पगारातून महिन्याच्या पगारात जाताना

कारखान्याचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार आणि पगार शनिवारी. मंगळवार, १ सप्टेंबरपासून मासिक पगार सुरू करायचे ठरते. शेवटचा आठवडी हिशेब २७ ऑगस्टच्या गुरुवारी बंद होतो आणि मासिक हिशेब १ तारखेला उघडतो. मग २८, २९ आणि ३१ ऑगस्टची हजेरी कुठे गेली? रविवार सुटीचा धरला तरी आठ तासांच्या पाळीने तीन दिवसांचे २४ तास कुठल्याच पगारपत्रकात येत नाहीत. बहुधा कोणी मुद्दाम खात नाही. दोन तक्त्यांच्या फटीत ते पडतात.

उपाय साधा आहे. २८ ते ३१ ऑगस्टचे वेगळे पगारपत्रक करून ५ सप्टेंबरच्या शनिवारी पैसे द्यावेत. ही कमावलेली मजुरी आहे. तिला ‘उचल’ म्हणून नोंदवले, तर पुढच्या पगारातून ती कापली जाते.

जादा कामाचा घोळ मात्र लवकर दिसत नाही. ओव्हरटाइमचा आठवडा रविवार ते शनिवार मोजतात, असे धरू. एका कामगाराने ३१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर रोज नऊ तास, म्हणजे ५४ तास काम केले. ४८च्या वरचे सहा तास दुप्पट दराचे. पण संगणकाने १ तारखेपासूनच मोजले, तर ४५ तासच दिसतात आणि ओव्हरटाइम शून्य! म्हणून पगाराचा महिना बदलला तरी ओव्हरटाइमचा आठवडा तोडू नये. कामगारांनी त्या दोन्ही पावत्यांवरचे ‘पासून-पर्यंत’ रकाने हजेरीशी ताडून पाहावेत.