नकार पुसू नका, नोंदवून ठेवा

‘यापुढे फोन नको, मेसेजही नको,’ असे ग्राहकाने बजावले की बरेच व्यावसायिक त्याचा नंबर यादीतून उडवतात आणि विषय संपला असे समजतात. समजा, छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासवरच्या एखाद्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयाने असा नंबर उडवला. पुढच्या महिन्यात मालमत्ता प्रदर्शनातली यादी आली, एजंटानेही आपली फाइल पाठवली आणि दोन्हींत तोच नंबर होता. या माणसाने नकार दिला आहे, हे सांगणारी नोंदच न उरल्यामुळे त्याला पुन्हा फोन गेला. म्हणून नकाराची यादी वेगळी ठेवावी आणि फोन लावण्याआधी, मेसेज सोडण्याआधी प्रत्येक नंबर तिच्याशी ताडून पाहावा.

१९०९ वर नोंदणी करून डीएनडी घेण्याची सोय असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण डीएनडी हा कोणा एका कंपनीला नव्हे, तर सगळ्या किंवा निवडक प्रकारच्या जाहिरातींना नकार असतो. ग्राहकाने एखाद्या कंपनीला स्वतंत्र संमती दिली असेल, तर तिचे मेसेज त्यातूनही येऊ शकतात. अशा वेळी त्या कंपनीला थेट दिलेला नकारच कामी येतो. ‘ट्राय’ने २०१८च्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, ग्राहकाने संमती काढून घेतल्यावर ९० दिवस ती पुन्हा मागता येत नाही. नकाराची तारीख लिहिलेली नसेल, तर हे ९० दिवस मोजणार कुठून?

यादी फसते ती बहुधा लिखाणात. एकच नंबर एका फाइलीत ‘+91’ लावून, दुसरीत आधी शून्य लावून आणि तिसरीत मध्ये जागा सोडून असतो; संगणकाला ते तीन वेगळे नंबर वाटतात. म्हणून मधली जागा गाळून शेवटचे दहा आकडे घ्यावेत आणि तेवढेच जुळवावेत. यादी सर्व शाखा, एजंट आणि व्हॉट्सॲप सांभाळणारा माणूस यांना एकच असावी. चाचणीही सोपी आहे: कार्यालयाचाच एक नंबर नकाराच्या यादीत टाका आणि पुढच्या मोहिमेच्या फाइलीतही मिसळा. तो वाजला, तर गळती आहे.

‘माझी माहितीच पुसा,’ असे ग्राहक म्हणाला तर? त्याचे नाव, पत्ता, चौकशीचा तपशील जरूर पुसावा, कायद्याने जपणे बंधनकारक असलेले कागद तेवढे सोडून. नकाराच्या यादीत नंबर, तारीख आणि नकार कशाला आहे, एवढेच ठेवावे, आणि हे त्याला सांगावे. ज्याने फ्लॅट बुक केला आहे, त्याला हप्त्याची किंवा ताब्याची सूचना द्यावीच लागते. ती जरूर द्यावी, पण तिच्या शेपटाला नव्या प्रकल्पाची जाहिरात जोडली की ती सूचना उरत नाही. बंद झालेला नंबर कालांतराने दुसऱ्याला मिळतो, हेही खरे. तरी नोंद आपणहून काढू नये. नव्या मालकाने स्वतः चौकशी करून संमती दिली, तरच काढावी. चुकून एक फोन कमी गेला, तर फार तर एक गिऱ्हाईक हुकेल. चुकून एक जास्त गेला, तर तक्रार होईल.