हुक, शेवट आणि एक कारण

2020च्या टाळेबंदीत भोपाळमधल्या आमच्या घरात मी पुस्तकांवर मिनिटभराचे व्हिडिओ करायला लागले. ऐकणारे बहुतेक नात्यातले, पुण्या-नागपूरचे. तेव्हाच्या स्क्रिप्ट आज वाचताना कानकोंडं होतं. लेखकाचा जन्म, पुरस्कार, मग कथानक आणि वर वाचायची पाच कारणं! एका व्हिडिओनंतर आत्याचा फोन आला, ‘‘अगं, शेवटच सांगून टाकलास की! आता वाचू काय?’’

खरी शिकवणी मिळाली ती इंद्रा सिन्हा यांच्या ‘ॲनिमल्स पीपल’मुळे. 2007 साली बुकरच्या अंतिम यादीत आलेली ही इंग्रजी कादंबरी. तिच्यातलं खौफपूर म्हणजे आमचं भोपाळच. पहिल्या मसुद्याची सुरुवात मी 3 डिसेंबर 1984च्या, वायुगळतीच्या पहाटेपासून केली होती. ती पहाट सगळ्यांना ठाऊक. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढं सरकतो. दुसऱ्यात निवेदकापासून सुरुवात केली : त्या रात्रीच्या विषानं पाठ वाकलेला, हातापायांवर चालणारा मुलगा. हे वाचून दाखवलं तर घरातले हळहळले, आणि तिथंच ते चुकलं. कारण हा मुलगा हळहळणाऱ्यांनाच शिव्या घालतो.

तिसऱ्या मसुद्यात हुक सापडला. आजारी वस्तीत फुकट दवाखाना उघडतो आणि कुणीच त्याची पायरी चढत नाही. का? एवढंच बोलून मी थांबले. त्या ‘का’चं उत्तर पुस्तकात आहे, ते माझ्या तोंडी नको. तेव्हापासून कथानकातला प्रसंग निवडताना पुस्तकाच्या पूर्वार्धापलीकडे जायचं नाही, असं ठरवलं. ‘शेवटी हादरून जाल’ हेही काढलं. तेवढ्यानं वाचणारा पानापानावर धक्क्याची वाट बघत बसतो.

पुस्तक वाचायची पाच कारणं सोडून एकच द्यायचं ठरवलं, त्या कारणाला मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. ‘भाषा सुंदर, विषय महत्त्वाचा’ हे कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं, म्हणून खोडलं. ‘भोपाळची वेदना कळते’ हेही खोडलं; ती वर्तमानपत्रातूनही कळते. उरलं ते हे : इथं भोगणारा माणूस स्वतः टेपवर बोलतो, पत्रकारालाही सुनावतो, आणि आपल्याला दया दाखवून मोकळं होऊ देत नाही. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला सहज बसेना, म्हणून ठेवलं.

मी वाचते त्या वेगानं मिनिटात साधारण 120 शब्द होतात. पैकी 25 हुकला, 40 कारणाला आणि उरलेले पुस्तकाची ओळख करून द्यायला. लेखकाचा जन्म कुठं झाला, हे आता सांगतच नाही.

कादंबरीतली इंग्रजी हिंदी वळणाची आहे, ‘कंपनी’चं स्पेलिंगसुद्धा आपण बोलतो तसंच. पहिल्या टेपचं प्रकरण अडखळत गेलं तरी दुसऱ्या टेपपर्यंत जा.