शून्य आणि एकच्या मधली स्मृती

शेअर बाजार उद्या चढेल की पडेल, हे आजच्या भावावरून जवळजवळ काहीच कळत नाही. तो किती जोरात हलेल, याचा अंदाज मात्र बराच बांधता येतो. झुआनशिन डिंग, क्लाइव्ह ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९९३ साली अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचे १९२८ ते १९९१ पर्यंतचे सतरा हजारांहून अधिक दिवस तपासले. रोजच्या बदलातली चढ-उताराची दिशा बाजूला ठेवून त्यांनी फक्त त्याचा आकार घेतला. या आकारांमधला परस्परसंबंध २,७०० व्यवहार-दिवसांच्या अंतरावरही धनच निघाला. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या खळबळीची थोडी खूण आजच्या खळबळीत शिल्लक होती.

अशी मालिका हाती आली की अभ्यासक सहसा एकच प्रश्न विचारतात: हिच्यात युनिट रूट आहे का? ‘आहे’ असे उत्तर आले, तर आजच्या आकड्यातून कालचा वजा करून उरलेल्या फरकावर काम करायचे. ‘नाही’ असे आले, तर मालिका आहे तशी वापरायची. पहिल्या पर्यायात प्रत्येक धक्का कायमचा राहतो. दुसऱ्यात तो झपाट्याने विरतो. वरच्या आकड्यांना यातले काहीच लागू पडत नाही, कारण तिथे धक्का विरतो खरा, पण फार सावकाश.

१९८० साली ग्रेंजर आणि रोझलिन जॉयू यांनी, आणि १९८१ मध्ये जोनाथन हॉस्किंग यांनी, यावर उपाय सुचवला. फरक घेण्याची मात्रा पूर्णांकच का असावी? तिला d म्हणू. d शून्य असेल तर काहीच वजा होत नाही, एक असेल तर कालचा आकडा पूर्ण वजा होतो. d ०.४ ठेवला, तर आजच्या आकड्यातून कालच्याचा ०.४, परवाच्याचा ०.१२, त्याआधीच्याचा ०.०६४, त्याच्याही आधीच्याचा ०.०४१६ असा भाग वजा होत जातो. k दिवस मागचा गुणक काढायचा, तर त्याच्या अलीकडच्या गुणकाला (k − 1 − d) / k ने गुणायचे. गुणक लहान होत जातात, पण शून्य कधीच होत नाहीत. जुना इतिहास मोजणीत राहतो तो असा.

०.४ ही मात्रा मी मुद्दाम घेतली, कारण बाजाराच्या अस्थिरतेसाठी d वारंवार याच्या आसपास निघतो. अशा शुद्ध मालिकेत लागोपाठच्या दोन दिवसांतला सहसंबंध ०.६७ असतो आणि शंभर दिवसांनंतरही ०.२७ उरतो. ज्या साध्या मॉडेलमध्ये सहसंबंध रोज त्याच ०.६७ पटीने घटतो, तिथे वीस दिवसांतच तो हजारात एकाहूनही कमी होतो. उलट, याच मालिकेचा पूर्ण फरक घेतला तर लागोपाठच्या फरकांमध्ये उणे ०.३७५ असा सहसंबंध दिसू लागतो. तो आपणच गरजेपेक्षा जास्त वजा केल्यामुळे आलेला असतो. फरक घेतल्यावर असा ठळक ऋण आकडा दिसला, की मात्रा जास्त झाली का हे आधी बघावे. दुसरी खूण चाचण्यांत मिळते. डिकी-फुलर चाचणी युनिट रूट नाकारते आणि केपीएसएस चाचणी मालिकेची स्थिरताही नाकारते. अशा वेळी दोन्ही चाचण्या खऱ्या असू शकतात. मालिका मधल्या जागेत असते.

महागाईच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. भारताचा ग्रामीण-शहरी एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांक जानेवारी २०११ पासूनचा आहे. चौदा वर्षांचे महिने १६८ होतात. d मोजण्याची प्रचलित गेवेके-पोर्टर-हडाक पद्धत मालिकेतल्या फक्त सर्वांत संथ लाटा वापरते. साधारणपणे निरीक्षणांच्या वर्गमूळाइतक्या, म्हणजे इथे बारा-तेरा. तेवढ्यावर प्रमाण त्रुटी सुमारे ०.१८ येते. उत्तर ०.४ आले तरी खरा d ०.०५ ते ०.७५ मध्ये कुठेही असू शकतो. या पट्ट्यात मालिका ०.५ पर्यंत स्थिर असते, त्यापुढे नसते. मग ०.४ हा आकडा ठामपणे मांडणे मला योग्य वाटत नाही.

याहून मोठी अडचण सरासरी सरकण्याची आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे लक्ष्य ठरवण्याची तरतूद आली आणि ४ टक्के हे लक्ष्य ठरले. २०११ ते २०१३ ची महागाई त्याच्या दुपटीहून अधिक होती. मालिकेची पातळी मधेच अशी खाली आली, तर ज्या आकड्यांना एरवी स्मृती नाही त्यांचाही सहसंबंध सावकाश विरताना दिसतो. फ्रान्सिस डीबोल्ड आणि अत्सुशी इनूए यांनी २००१ साली हा गोंधळ किती सहज होतो ते दाखवले. म्हणून मालिका बदलाच्या ठिकाणी तोडून दोन्ही तुकड्यांत d वेगवेगळा मोजावा. दोन्हीकडे तो शून्याजवळ आला, तर पूर्ण मालिकेत दिसलेली स्मृती बव्हंशी सरासरी सरकल्याची होती. दोन्हीकडे आधीइतकाच राहिला, तर दीर्घस्मृतीची बाजू बळकट होते. मात्र तुकडे लहान झाल्याने त्रुटी आणखी वाढते, आणि सत्तर-ऐंशी महिन्यांवर हा निवाडा बहुधा होतच नाही.