बोनस नेमका कोणत्या रकमेवर?

दिवाळीच्या सुमारास खात्यात बोनस जमा होतो आणि पासबुक पाहून अनेक खातेदार विचारतात, "पगार अठरा हजारांचा, मग बोनस सात हजारांच्या आतच कसा?" कधी हिशेब बरोबर असतो, कधी त्यात चूक असते. चूक ओळखायची असेल तर एक गोष्ट समजून घ्यावी लागते. बोनस मिळेल की नाही हे एका मर्यादेवरून ठरते आणि किती मिळेल हे दुसऱ्या मर्यादेवरून.

पहिली मर्यादा पात्रतेची. २०२५ पर्यंत लागू असलेल्या बोनस प्रदान अधिनियम, १९६५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेला कामगार बोनसला पात्र ठरत असे. त्या कायद्यात वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, एवढेच होते. घरभाडे भत्ता व ओव्हरटाइम त्यात धरत नसत. त्यामुळे हातात २३,००० येत असले, तरी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १९,००० होत असतील, तर तुम्ही पात्रच आहात.

दुसरी मर्यादा हिशेबाची. तुमचे वेतन एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त असेल, तर ते तेवढेच आहे असे मानून बोनस काढतात. त्या कायद्यात ही रक्कम म्हणजे ७,००० रुपये किंवा तुमच्या कामासाठी सरकारने ठरवलेले किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते. गफलत होते ती या "जास्त असेल ते" शब्दांपाशी. काही ठिकाणी किमान वेतन कितीतरी वर गेले, तरी हिशेब ७,००० वरच चालू राहतो.

उदाहरण घेऊ. एका पॅकिंग कारखान्यातील कामगाराचा एकूण पगार १८,५०० रुपये आहे. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० आणि बाकी घरभाडे वगैरे. त्याच्या श्रेणीच्या कामाचे किमान वेतन महिना १२,५०० आहे असे समजू. त्याने वर्षभर काम केले आणि मालकाने कायद्यातील किमान दराने, म्हणजे ८.३३ टक्के, बोनस जाहीर केला.

मालकाने ७,००० धरले, तर वर्षाचे ८४,००० होतात आणि बोनस ६,९९७ रुपये २० पैसे येतो. कामगार मात्र १८,५०० धरून १८,४९२ रुपयांची अपेक्षा ठेवतो. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. ७,००० आणि १२,५०० यांत १२,५०० जास्त, म्हणून आधार १२,५०० चा. कामगाराचे १४,००० त्याहून अधिक असल्याने वरचे १,५०० सोडून द्यायचे. वर्षाचे १,५०,००० झाले आणि त्यावर ८.३३ टक्के म्हणजे १२,४९५ रुपये. खात्यात ६,९९७ आले असतील, तर ५,४९७ रुपये ८० पैसे कमी आले.

हाच कामगार ऑक्टोबरमध्ये कामावर लागला असता, तर मार्चअखेरच्या सहा महिन्यांचे ७५,००० धरून त्याला ६,२४७ रुपये ५० पैसे मिळाले असते. बिनपगारी गैरहजेरीमुळेही रक्कम त्या प्रमाणात घटते. पगारी रजा, प्रसूती रजा आणि कामावरील अपघाताने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे दिवस मात्र हजेरीतच धरतात.

तुमचा हिशेब तपासायला पगाराच्या पावत्या आणि किमान वेतनाचा दर, एवढेच लागते. दर राज्य, उद्योग, कुशलतेची श्रेणी आणि कधीकधी परिमंडळ यांनुसार वेगळा असतो. तो कामगार विभागाच्या अधिसूचनेत सापडतो. अनेक राज्यांत त्यातील महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून ज्या महिन्याला जो दर होता तोच धरा आणि बारा महिन्यांची बेरीज करा. दर रोजाचा दिला असेल, तर त्याचा महिना कसा धरायचा हेही अधिसूचनेतच पाहा.

काही मर्यादाही ध्यानात ठेवा. बोनसचा कायदा २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो. किमान बोनस तोट्याच्या वर्षातही द्यावा लागतो. नव्या आस्थापनेला मात्र पहिल्या पाच वर्षांत केवळ नफ्याच्या वर्षीच तो लागतो. सणाला आधी दिलेली बोनसची उचल अंतिम रकमेतून वजा होऊ शकते. तेव्हा तूट काढताना ती मिळवून घ्या.

आता लागू असलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही हिशेबाची हीच रीत आहे. मात्र तिच्यात २१,००० आणि ७,००० यांसारख्या रकमा सरकार अधिसूचनेने ठरवते, म्हणून चालू वर्षाचे आकडे पाहूनच हिशेब करा.

बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत देणे बंधनकारक आहे. वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर नोव्हेंबरअखेर. तूट दिसली तर आधी कार्यालयाकडे लेखी विचारा, "बोनस कोणत्या रकमेवर काढला?" उत्तर ७,००० आले आणि किमान वेतन त्याहून जास्त असेल, तर पावत्या, पासबुकाची नोंद आणि दराची अधिसूचना घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. अर्जाला मुदत असते, म्हणून पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.