रात्रभर पडणारं लोखंड

भाचा म्हणाला, त्यांच्या मायनक्राफ्ट सर्व्हरवर एका हिऱ्याचा भाव महिनाभरात ५०० नाण्यांवरून ६,००० वर गेला. खेळातली महागाई कुठून येते हे पाहावं म्हणून, तो सर्व्हर चालवणाऱ्या रिसोडच्या मुलाकडे मी गेलो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सध्या सुट्टीत घरी. सर्व्हर भाड्याचा, खेळणारे रिसोड, वाशीम, पुण्यातले मित्र आणि मित्रांचे मित्र.

त्याने आधी महागाईचा उगम दाखवला. खेळातले गावकरी घाबरले की त्यांच्या रक्षणासाठी लोखंडी राक्षस उभा राहतो. खेळाडू गावकऱ्यांसमोर एक झॉम्बी कोंडून ठेवतात. राक्षस जन्मला रे जन्मला की वाहत्या पाण्यातून लाव्ह्यात पडतो आणि खालच्या पेटीत तीन ते पाच लोखंडाच्या विटा नि एखाददुसरं लाल फूल टाकून जातो. मी ते बराच वेळ पाहत बसलो. वर नवा राक्षस, खाली विटा. माणूस कुठेच नाही.

"तासाला साडेतीनशे, काका," मुलगा म्हणाला. "तेही साध्या बांधणीत."

सर्व्हरचं दुकान `/sell hand` लिहिताच एका विटेला १० नाणी देत होतं. तासाला साडेतीनशे म्हणजे ३,५०० नाणी. कॉम्प्युटर चालू ठेवून ८ तास झोपलं की सकाळी २८,०००. ही नाणी कुणाच्या खिशातून येत नाहीत, दुकान ती त्याच क्षणी नवी पाडतं. रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की भाव पडतो. या दुकानाला आवक दिसतच नाही, दहा हजारावी वीटही पहिल्याच भावाने. आमच्याकडे लाइट जाते तेवढाच काय तो या कारखान्याला अटकाव.

मार कुणाला बसतो? ज्याला हिरे सापडतात त्याला नाही, त्याचा भाव महागाईबरोबर वाढतो. बसतो तो गहू पिकवून दुकानाला २ नाण्यांनी विकणाऱ्या नवख्याला, कारण त्याची मिळकत बांधलेली आणि बाकी सगळं वर जाणारं. माझा जीव त्या नवख्यात अडकला, हे कबूल.

मुलाचा पहिला उपायही नवख्याच्याच मुळावर आला. पैसे खेळाबाहेर जावेत म्हणून हत्यार दुरुस्तीला सरसकट २,००० नाणी लावली. कारखानदाराची ती अर्ध्या-पाऊण तासाची कमाई, नवख्याचे हजार गहू. नवीन मुलं येईनाशी झाली आणि श्रीमंतांना काहीच जाणवलं नाही.

मग त्याने आधी नळ बारीक केला. प्रत्येकाच्या रोजच्या पहिल्या ५०० विटांना १० नाणी, पुढच्या प्रत्येकीला १. रात्रीच्या २,८०० विटांचे आता २८,००० ऐवजी ७,३०० येतात. पण साठलेला ढीग एवढ्याने हलत नाही. त्यासाठी खेळाडूंच्या आपसातल्या विक्रीवर ५ टक्के कापायला सुरुवात केली, आणि पहिला प्लॉट फुकट ठेवून पुढच्या प्रत्येक प्लॉटचं आठवड्याचं भाडं चढत नेलं. समितीत हमाली-तोलाई कापली तरी ती हमाल-मापाड्याकडे जाऊन पुन्हा बाजारातच फिरते. इथे कापलेलं नाणं पुसलं जातं. २०२१ च्या डिसेंबरात ओल्ड स्कूल रुनस्केप या मोठ्या खेळानेही आपल्या बाजारात १ टक्का कर लावला आणि त्यातल्या काही पैशांतून खेळाडूंच्याच वस्तू विकत घेऊन त्या नष्ट केल्या.

सगळ्यात जास्त पैसे मात्र दर रविवारच्या लिलावात जिरले. वस्तू काय, तर नावाला सोनेरी रंग, आठवड्यापुरता. तो नसला तरी कुणाचं अडत नाही, म्हणून नवख्याला झळ नाही. आणि ज्यांच्याकडे लाखो पडून आहेत ते इरेला पेटतात. मला हा उपाय दंडापेक्षा शहाणपणाचा वाटला. पैसे गेले आणि कुणी रडलं नाही.

पळवाटा निघाल्याच. मर्यादा खात्यागणिक, म्हणून काहींनी दुसरं खातं उघडलं. एकाच इंटरनेटवरून आलेली दोन खाती बंद करावीत, तर एका घरातले भाऊ-बहीण अडकतात. त्याने तो नाद सोडला.

रविवारी रात्री तो `/baltop` लिहितो. श्रीमंतांची यादी येते आणि तिच्यासोबत `Server Total`, म्हणजे सगळ्यांची मिळून नाणी. तो आकडा वहीत जातो, शेजारी हिऱ्याचा भाव. एकूण नाणी थांबली आणि हिरा तरी चढतोय, तर लोक नाणी सोडून हिरे साठवताहेत असं तो धरतो. मी पाहिलं तेव्हा बेरीज अजून वाढतच होती, पण पूर्वीच्या मानाने पुष्कळ हळू, आणि हिरा ४,००० वर आला होता.

"तासाला साडेतीनशेचं भागलं," तो म्हणाला, आणि दुकानाच्या यादीत भोपळ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. लोखंडाचे कारखानदार आता आपोआप तोडले जाणारे भोपळे लावत होते आणि भोपळ्याला मर्यादा घालायची राहिली होती.