रेपो उतरला, तरी कर्ज महाग का झालं?

27 मार्च 2020. देशभरची टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी रेपो दर 5.15 टक्क्यांवरून एकदम 4.40 टक्क्यांवर आणला, आणि मे महिन्यात तो 4 टक्क्यांपर्यंत खाली गेला. सरकारला मिळणारं कर्ज स्वस्त झालं. देशातल्या सगळ्यात भक्कम समजल्या जाणाऱ्या कंपन्यांनाही काही आठवड्यांत स्वस्तात पैसा मिळू लागला. मात्र लहान आणि मध्यम फायनान्स कंपन्या, म्हणजे ट्रक, दुचाकी, छोटे कारखाने आणि बचतगट यांना कर्ज देणाऱ्या संस्था, बाजारात रोखे विकायला गेल्या तेव्हा त्यांना आधीपेक्षा जास्त व्याज मोजावं लागलं. कित्येकींना तर घेणाराच मिळाला नाही. व्याजदर कमी होत असताना कर्ज महाग कसं होतं, हे समजून घ्यायचं तर कंपनीच्या रोख्यावरचं व्याज कशाकशाचं बनलेलं असतं ते पाहावं लागेल.

केंद्र सरकारने रुपयात काढलेला रोखा बुडणार नाही, असं धरून बाजार चालतो. त्याच मुदतीच्या कंपनीच्या रोख्यावर त्याहून जेवढं जास्त व्याज द्यावं लागतं, त्या फरकाला बाजारात स्प्रेड म्हणतात. सरकारी रोख्यावर 7 टक्के आणि कंपनीच्या रोख्यावर 9 टक्के मिळत असतील, तर स्प्रेड 2 टक्क्यांचा झाला.

हे 2 टक्के कशाबद्दल मिळतात, ते एका काल्पनिक कंपनीवर करून पाहू. तिचा रोखा एका वर्षाचा आहे. अशा शंभर कंपन्यांपैकी दोन वर्षभरात बुडतात, आणि बुडालेल्या कंपनीकडून शंभर रुपयांमागे 40 रुपये वसूल होतात. सरकारी रोख्यात वर्षाअखेर 107 रुपये खात्रीने मिळतात. कंपनीच्या रोख्यातूनही सरासरीने तेवढेच मिळायचे असतील, तर न बुडालेल्या 98 कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे 108 रुपये 37 पैसे द्यायला हवेत. म्हणजे सुमारे 1.37 टक्के जादा व्याज फक्त अपेक्षित नुकसान भरून काढण्यात जातं. त्यात गुंतवणूकदाराला कमाई काहीच नाही. पण रोख्यावर 9 टक्के मिळत आहेत. उरलेला 0.63 टक्का हा जोखीम उचलल्याचा खरा मोबदला. नुकसानभरपाईचा भाग वेगळा आणि जोखमीचा मोबदला वेगळा, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

प्रत्यक्ष बाजारात हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. अमेरिकेत बीबीबी मानांकनाच्या कंपन्यांपैकी एका वर्षात बुडणाऱ्यांचं प्रमाण, दीर्घकाळच्या सरासरीने, हजारात दोनच्या आसपास आहे. तेवढ्याने होणारं नुकसान टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. तरी त्यांच्या रोख्यांवर एरवीच्या दिवसांतही साधारण एक ते दोन टक्के स्प्रेड असतो. अर्थशास्त्रज्ञ या कोड्यावर अनेक वर्षं काम करत आले आहेत. रोखा हवा तेव्हा विकता येत नाही, त्याचा काही मोबदला यात येतो. पण मला सर्वात पटणारं उत्तर असं: कर्ज किती बुडतं, याइतकंच ते कधी बुडतं हेही महत्त्वाचं असतं.

गावातल्या सावकाराचा विचार करा. त्याने शंभर शेतकऱ्यांना कर्ज दिलं आहे आणि दरवर्षी दोघांचं बुडतं, तर तो हिशेब त्याला सहज जमतो. पण एकोणीस वर्षं एकाचंही बुडत नाही आणि विसाव्या वर्षी, दुष्काळात, एकदम चाळीस जणांचं बुडतं, तर? सरासरी तीच. मात्र त्या वर्षी त्याची स्वतःची जमीनही पिकलेली नसते, तारण ठेवलेले बैल घ्यायला बाजारात कोणी नसतं, आणि घरात धान्य भरायलाही पैसा हवा असतो. शंभर जणांत कर्ज विभागून दिल्याचा उपयोग नेमका त्या वर्षी होत नाही. असं कर्ज देणारा सरासरी नुकसानीपेक्षा बरंच जास्त व्याज मागणारच.

कंपन्यांचं तसंच असतं. मंदीत विक्री घटते, पण व्याज आणि पगार तेवढेच राहतात. त्यामुळे विक्री थोडी घसरली तरी नफ्याचा मोठा भाग जातो आणि बुडणाऱ्यांची संख्या वाढते. बुडालेल्या कंपनीची यंत्रं आणि जमिनी विकायला काढाव्यात, तर इतरांनीही तेच चालवलेलं असतं. त्यामुळे वसुली कमी होते. आपल्या काल्पनिक कंपनीला पुन्हा मंदीत पाहू. आता शंभरात दोनऐवजी पाच बुडतील आणि वसुली 40 ऐवजी 30 रुपये होईल. सरकारी दर 7 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. नुसतं नुकसान भरून काढायला आता सुमारे 8.95 टक्के व्याज हवं, म्हणजे जवळजवळ 4 टक्के जादा. शिवाय घाबरलेला गुंतवणूकदार जोखमीचा मोबदला 0.63 ऐवजी 2 टक्के मागतो. बेरीज 11 टक्क्यांच्या जवळ जाते. सरकारी दर 2 टक्क्यांनी उतरला आणि कंपनीचं कर्ज 2 टक्क्यांनी महागलं.

त्यात आणखी एक फेरा आहे. बहुतेक कंपन्या जुना रोखा फेडायला नवा रोखा काढतात. नव्यावर 9 ऐवजी 11 टक्के द्यावे लागले, किंवा तो विकलाच गेला नाही, तर एरवी तग धरणारी कंपनीही अडचणीत येते. बुडण्याच्या भीतीने व्याज वाढतं आणि वाढलेल्या व्याजाने बुडण्याची शक्यता वाढते.

मग मानांकन संस्था काय सांगतात? एएए, एए, ए, बीबीबी आणि त्याखालच्या पायऱ्या हा प्रामुख्याने क्रम असतो: कोण कोणापेक्षा भक्कम. मंदी येईल की नाही, याचं ते भाकीत नसतं. शिवाय या संस्था तेजी-मंदीचं पूर्ण चक्र डोळ्यांपुढे ठेवून मानांकन देतात, म्हणून ते सावकाश हलतं. स्प्रेड मात्र रोज बदलतो. विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांना ठरावीक पायरीखालचे रोखे घेता येत नाहीत. त्यामुळे मानांकन एकदा घसरलं की त्यांच्याकडून मागणी आटते आणि किंमत आणखी पडते. आणि मानांकनाची फी रोखे काढणारी कंपनीच देते, हा या व्यवस्थेतला जुना दोष आहे.

मुंबईतल्या आयएल अँड एफएसने तो सगळ्यांपुढे आणला. रस्ते आणि वीजप्रकल्पांत गुंतलेल्या या समूहावर सुमारे 91 हजार कोटींचं कर्ज होतं, आणि 2018च्या उन्हाळ्यापर्यंत मुख्य कंपनीला एएए मानांकन होतं. सप्टेंबरमध्ये ती डी, म्हणजे थकबाकीदार, या पायरीवर आली. पुढे सेबीने तीन मानांकन संस्थांना दंड केला. पण त्याहून मोठा परिणाम असा झाला की एएए असूनही बुडू शकतं, हे कळल्यावर इतर फायनान्स कंपन्यांच्या रोख्यांवरही बाजार जास्त व्याज मागू लागला. करोना आला तो अशा धास्तावलेल्या बाजारात.

आता 2020चा मार्च-एप्रिल पुन्हा पाहा. रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्जदारांना हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा दिली. ट्रकमालकाचा हप्ता थांबला. पण त्याला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीने बाजारात विकलेल्या रोख्यांना ती मुभा नव्हती. ते ठरल्या तारखेलाच फेडायचे होते. येणं थांबलं आणि देणं चालू राहिलं. त्यांचे स्प्रेड का ताणले गेले, याचं मोठं कारण यातच आहे.

लहान फायनान्स कंपन्यांपर्यंत पैसा पोचावा म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना रेपो दराने तीन वर्षांसाठी 25 हजार कोटी देऊ केले. अट अशी की ते फायनान्स कंपन्यांच्या रोख्यांत गुंतवायचे, आणि त्यातले किमान निम्मे लहान-मध्यम कंपन्यांच्या. 23 एप्रिलच्या लिलावात बँकांनी जेमतेम 12,850 कोटी मागितले. पैसा समोर होता, स्वस्तही होता. पण रोखा बुडाला तर नुकसान बँकेचंच होणार होतं, आणि ती जोखीम त्या दराने घ्यायला त्या तयार नव्हत्या. मध्यवर्ती बँक पैशाची किंमत कमी करू शकते. जोखमीची किंमत तेवढ्याने कमी होत नाही.

त्याच 23 एप्रिलच्या रात्री फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद केल्या. त्यांत 25 हजार कोटींहून जास्त रक्कम होती. जादा परताव्यासाठी या योजनांनी एए आणि त्याखालचे रोखे भरपूर घेतले होते. लोक पैसे काढू लागले, तेव्हा ते रोखे घ्यायला बाजारात कोणी नव्हतं. हातात भक्कम मानांकनाचे रोखे असते, तर विकून पैसे देता आले असते.

अमेरिकेतही मार्च 2020मध्ये असाच ताण आला. तिथल्या खालच्या मानांकनाच्या रोख्यांचा स्प्रेड वर्षाच्या सुरुवातीला चार टक्क्यांच्या आत होता. 23 मार्चला तो जवळजवळ 11 झाला. (डिसेंबर 2008मध्ये तो 20च्याही वर गेला होता.) त्याच 23 मार्चला फेडरल रिझर्व्हने कंपन्यांचे रोखे विकत घेण्याची घोषणा केली. आधी फक्त वरच्या मानांकनाचे रोखे घेण्याचा बेत होता आणि प्रत्यक्ष खरेदी मे महिन्यात सुरू झाली. तरी स्प्रेड घोषणेनंतर लगेच उतरू लागला. दिवाळखोऱ्या नंतरही वाढत राहिल्या, पण वर्षाअखेर स्प्रेड पुन्हा चार टक्क्यांच्या आत होता. त्या 11 टक्क्यांत कंपन्या बुडण्याच्या हिशेबापेक्षा गिऱ्हाईक न मिळण्याची भीती किती होती, ते यावरून कळतं.

फ्रँकलिनच्या योजनांचा शेवटही याच बाजूने बोलतो. सेबीने त्यांच्या कारभारावर ठपका ठेवला, तो आपल्या जागी. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एसबीआय फंड्स मॅनेजमेंटने ते रोखे सावकाश, बाजार सावरल्यावर विकले. फेब्रुवारी 2021मध्ये 9,122 कोटींचा पहिला हप्ता वाटला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत गुंतवणूकदारांना एकूण मिळालेली रक्कम योजना बंद झाल्या त्या दिवशीच्या मूल्याहून जास्त भरली. म्हणजे तेव्हाच्या मूल्याच्या मानाने, सगळ्या योजना मिळून पाहिलं तर, पैसा बुडाला नाही. पण ज्या घरात एप्रिल 2020मध्ये पगार थांबला होता किंवा इस्पितळाचं बिल भरायचं होतं, त्यांना पहिला पैसा दिसायला दहा महिने लागले. त्याआधीची अनेक वर्षं या योजना मुदत ठेवीपेक्षा जो जादा परतावा देत होत्या, त्यातला मोठा भाग याच दहा महिन्यांचा आगाऊ मोबदला होता, आणि तो घेताना फार थोड्यांना तसं सांगितलं गेलं होतं.